वरकड साडेपाच हजार कुठे घालायचे?

तीन-चार ठिकाणची देणी असलेल्या घरात वाद सहसा हप्त्यांवरून होत नाही. हप्ते ठरलेले असतात, ते गेलेच पाहिजेत हे दोघांनाही मान्य असतं. वाद होतो तो हप्ते जाऊन हातात उरणाऱ्या पैशावरून. एकाचं म्हणणं, आधी मेहुण्याचे पैसे देऊन टाकू, तोंड दाखवायला लाज वाटते. दुसऱ्याचं म्हणणं, आधी क्रेडिट कार्ड मिटवू, तिथे व्याज खातंय. दोघांचंही पूर्ण चूक नसतं. पण यात किती रुपयांचा फरक पडतो, हे दोघांनीही कागदावर मांडलेलं नसतं. हा लेख त्या मांडणीबद्दल आहे.

उदाहरण म्हणून एक घर घेऊ. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण देण्यांची जात ओळखीची आहे. नवरा कारखान्यात, पगार ७ तारखेला. बायको घरी शिवणकाम करते. देणी चार. मेहुण्याकडून घेतलेले हातउसने १२,००० रुपये, बिनव्याजी, दरमहा १,००० देण्याचं तोंडी ठरलेलं. बाइकचं कर्ज २४,००० शिल्लक, १२ टक्के, हप्ता २,०००. पतसंस्थेचं कर्ज ४५,००० शिल्लक, १५ टक्के, हप्ता २,५००. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी ८०,०००. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात महिन्याला ४.१३ टक्के. कार्डाची किमान देय रक्कम साधारण ४,०००. एकूण देणं १,६१,०००. घरखर्च, भाडं, शाळा, वीजबिल हे सगळं बाजूला काढून देण्यांसाठी महिन्याला १५,००० निघतात. हप्त्यांची बेरीज ९,५००. उरले साडेपाच हजार.

हप्ते हा निवडीचा विषय नाही आणि ते सगळीकडे जायलाच हवेत. कोणतं कर्ज आधी फेडायचं हा प्रश्न फक्त या साडेपाच हजारांपुरता आहे. बरेच लोक नेमके इथेच घसरतात. एखादं कर्ज ‘आधी फेडायचं’ म्हणून दुसऱ्याचा हप्ता चुकवतात, मग बाउन्सचा दंड बसतो, सिबिलवर डाग पडतो आणि वाचवलेलं व्याज दंडात जातं. म्हणून आधी वेळापत्रक, मग क्रम.

वेळापत्रकासाठी भिंतीवरचं साधं कॅलेंडर पुरतं. या घराचा एक महिना असा दिसतो:

४ तारीख – कार्डाचं बिल तयार होतं
५ तारीख – बाइकचा हप्ता खात्यातून आपोआप जातो
७ तारीख – पगार
८ तारीख – पगारातून १५,००० वेगळ्या बचत खात्यात. त्याच दिवशी कार्डाची रक्कम भरायची
१० तारीख – मेहुण्याचे पैसे
१५ तारीख – पतसंस्थेचा हप्ता
२४ तारीख – कार्ड भरण्याची शेवटची तारीख

यात एक खोच आहे. बाइकचा हप्ता ५ तारखेला जातो आणि पगार येतो ७ ला. म्हणजे ५ जूनचा हप्ता मेच्या पगारातून राखून ठेवलेला असायला हवा. दर महिन्याच्या ८ तारखेला वेगळ्या खात्यात टाकलेल्या १५,००० पैकी २,००० पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत तिथेच पडून राहिले पाहिजेत. हे ज्यांनी पाळलं नाही त्यांचा हप्ता परत जातो. मग फायनान्स कंपनी दंड लावते आणि आपली बँकही वेगळा लावते. एका चुकलेल्या हप्त्याचे असे दोन दंड बसतात. फायनान्स कंपनीला हप्त्याची तारीख १० करून द्या असं सांगून पाहावं. काही देतात, बरेच देत नाहीत.

आणखी एक जुनी समजूत सोडून द्यावी. ‘५ तारीख रविवारी आली, म्हणजे हप्ता सोमवारी जाईल’ असं आता होत नाही. आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांची एनएसीएच व्यवस्था १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालते. बऱ्याच लोकांच्या तोंडी आजही ‘ईसीएस’ हाच शब्द आहे. नाव काहीही घ्या, पैसे ४ तारखेच्या रात्री खात्यात हवेत.

कार्डाचे पैसे शेवटच्या तारखेची वाट न पाहता ८ लाच का भरायचे? थकबाकी पुढे ढकलत नेलेल्या कार्डावर व्याज रोजच्या शिल्लकेवर चढतं. ९,५०० रुपये २४ ऐवजी ८ तारखेला भरले तर सोळा दिवसांचं व्याज वाचतं, साधारण दोनशे रुपये. महिन्याला दोनशे, नुसती तारीख अलीकडे आणून. ४ तारखेला बिल तयार झालेलं असल्यामुळे ८ ला भरलेली रक्कम त्या बिलातल्या किमान देय रकमेत धरली जाते. बिल तयार होण्याच्या आदल्या दिवशी भरली असती तर ती फक्त थकबाकीतून वजा झाली असती आणि नवं किमान देय पुन्हा भरावं लागलं असतं. म्हणून बिलानंतर लगेच भरायचं.

थकबाकी असलेल्या कार्डावर नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. किराणा त्याच कार्डावर भरला तर त्याच दिवसापासून त्यावर ४.१३ टक्क्यांचा मीटर चालू होतो. फेड चालू असेपर्यंत कार्ड कपाटात गेलं पाहिजे. पुढचे सगळे हिशेब हे गृहीत धरून केले आहेत.

आता क्रमाकडे येऊ. दोन रीती आहेत. पहिली ‘लहान आधी’: ज्याची शिल्लक सर्वांत कमी ते कर्ज आधी उडवायचं, त्याचा हप्ता मोकळा झाला की तोही पुढच्या लहान कर्जावर टाकायचा. दुसरी ‘महाग आधी’: ज्याचं व्याज सर्वांत जास्त त्यावर सगळी वरकड रक्कम टाकायची. दोन्हींत महिन्याला १५,००० च जातात.

लहान आधी केलं तर साडेपाच हजार आधी मेहुण्याकडे जातात. दुसऱ्याच महिन्यात मेहुण्याचे पैसे पूर्ण फिटतात. पाचव्या महिन्यात बाइक मिटते, आठव्यात पतसंस्था. मग १५,००० च्या १५,००० कार्डावर. चौदाव्या महिन्यात ५,२११ रुपये भरले की सगळं संपतं. एकूण व्याज ३९,२११ रुपये.

महाग आधी केलं तर कार्डावर दरमहा ९,५०० जातात. कार्ड अकराव्या महिन्यात मिटतं, तोपर्यंत चारातलं एकही खातं बंद झालेलं नसतं. मग बाराव्यात मेहुणा आणि तेराव्यात बाइक आणि पतसंस्था दोन्ही संपतात. शेवटच्या महिन्यात ८,१८० रुपये पुरतात. एकूण व्याज २७,१८० रुपये.

फरक १२,०३१ रुपयांचा आणि एका महिन्याचा.

हा फरक येतो कुठून, ते पहिल्या रीतीत कार्डाकडे बघितलं की कळतं. पहिले सात महिने कार्डावर फक्त किमान ४,००० जात होते. सात महिन्यांत २८,००० भरले आणि थकबाकी ८०,००० वरून ७४,४८१ वर आली. भरलेल्यातले साडेबावीस हजार व्याजात आणि जीएसटीत गेले, मुद्दल साडेपाच हजारांनी उतरलं. कार्डाच्या बिलावर ‘किमान देय’ हा आकडा इतक्या ठळकपणे का छापलेला असतो, त्याचं उत्तर या एका ओळीत आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, मग प्रश्नच मिटला, महाग आधी. गणिताने मिटला, हे खरं. पण ‘लहान आधी’च्या बाजूनेही दोन मुद्दे आहेत आणि त्यांतला एक मला फार वजनदार वाटतो.

पहिला मुद्दा मनाचा. अमेरिकेत डेव्ह रॅम्झी या सल्लागाराने लहान कर्ज आधी फेडण्याची रीत लोकप्रिय केली, तेव्हा गणित जाणणाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. पुढे २०१२ मध्ये डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅक्शेन या दोन संशोधकांनी कर्जतडजोडीच्या योजनेत असलेल्या लोकांची माहिती तपासली. ज्यांनी आपल्या खात्यांपैकी जास्त खाती बंद केली होती ते शेवटपर्यंत टिकून कर्जमुक्त होण्याची शक्यता जास्त दिसली. मग फेडलेल्या रुपयांची बेरीज काहीही असो. हे लोक आधीच बुडालेले होते, साध्या पगारदार घराला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही दहा महिने इमाने पैसे भरूनही यादीतली चारही नावं तशीच दिसतात, याचा घरातल्या माणसांवर काय परिणाम होतो हे सांगायला संशोधन लागत नाही. पाचव्या महिन्यात कोणीतरी म्हणतंच, ‘एवढं करून काय उपयोग, गणपतीला तरी थोडा खर्च करू.’

दुसरा मुद्दा रोकड हातात राहण्याचा आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘लहान आधी’मध्ये पाचव्या महिन्याअखेर मेहुणा आणि बाइक दोन्ही मिटलेले असतात. म्हणजे सक्तीचे हप्ते ९,५०० वरून ६,५०० वर आलेले असतात. ‘महाग आधी’मध्ये, कार्डाचं किमान देय ४,००० च धरलं तर, त्याच वेळी सक्तीचे हप्ते तितकेच, ९,५००. समजा सहाव्या महिन्यात कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला आणि देण्यांसाठी १५,००० ऐवजी ८,००० च निघू लागले. पहिल्या घरात सगळे हप्ते भरून दीड हजार उरतात. दुसऱ्या घरात दीड हजार कमी पडतात आणि हप्ता चुकतो. तिथे कार्डाची थकबाकी बरीच उतरलेली असते, हे खरं. पण कमी पडलेले पैसे त्याच कार्डावरून काढायचे म्हटलं तर पुन्हा महिन्याला ४.१३ टक्के.

म्हणून निवड करताना स्वतःला विचारायचा प्रश्न ‘माझ्यात चिकाटी आहे का’ हा नाही. प्रश्न हा की पुढचं वर्षभर माझी मिळकत किती पक्की आहे. पगार कायम नोकरीचा असेल आणि घरात एखाद्या हप्त्याइतकी शिल्लक बाजूला असेल, तर महाग आधी. मिळकत हंगामी, कमिशनची किंवा कंत्राटी असेल, तर सक्तीचे हप्ते लवकर कमी करणारी रीत थोडी महाग पडली तरी परवडते. आणि तेव्हा निव्वळ शिल्लक बघायची नसते, शिल्लकेच्या मानाने हप्ता किती मोठा आहे ते बघायचं असतं. बाइकचे २४,००० फेडले की महिन्याचे २,००० मोकळे होतात. पतसंस्थेचे ४५,००० फेडले की २,५०० मोकळे होतात. एक रुपया फेडून जास्त हप्ता मोकळा होतो तो बाइकमध्ये.

या दोन टोकांच्या मध्ये तिसरी वाट आहे आणि या घरासाठी मी तीच सुचवेन. मेहुण्याचे बारा हजार आधी उडवायचे आणि मग थेट कार्डावर जायचं, बाइक आणि पतसंस्थेला फक्त त्यांचा हप्ता. हिशेब असा येतो: मेहुणा दुसऱ्या महिन्यात मोकळा, कार्ड अकराव्यात, सगळं तेराव्यात. एकूण व्याज ३०,३५२. शुद्ध ‘महाग आधी’पेक्षा ३,१७२ रुपये जास्त, शुद्ध ‘लहान आधी’पेक्षा ८,८५९ रुपये कमी. तीन हजारांत एक नातं मोकळं झालं आणि महिन्याचा एक हजाराचा बोजा कायमचा गेला. हे तीन हजार मला महाग वाटत नाहीत. कोणाला वाटतील, त्यांनी कार्डापासूनच सुरुवात करावी, पण मेहुण्याला आधी एक फोन करून ‘दरमहा हजार मिळतीलच’ हे सांगून टाकावं. बिनव्याजी पैशावर व्याज नसतं म्हणून त्याला मुदत नसते असं समजू नये. दिवाळीला देतो म्हणून घेतलेले पैसे दिवाळीलाच द्यावे लागतात.

तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील. दर वेळी चौदा महिन्यांचा तक्ता मांडायची गरज नाही. मोजायला सोपी पट्टी अशी: दहा हजार रुपये बिनव्याजी देण्यावर टाकले आणि त्यामुळे ते कार्डावर गेले नाहीत, तर त्याची किंमत महिन्याला ४१३ रुपये. १५ टक्क्यांच्या पतसंस्थेवर टाकले, तर तिथलं १२५ रुपये व्याज वाचलं, म्हणून किंमत २८८ रुपये. दोन कर्जांच्या मासिक दरातला फरक काढायचा आणि दहा हजारांना गुणायचं, की निवडीची किंमत समोर येते.

याच पट्टीने हेही दिसतं की जिथे दरांत फरकच थोडा आहे तिथे क्रमावर डोकेफोड करण्यात अर्थ नाही. याच घरात कार्डाची ८०,००० ची थकबाकी वर्षाला १८ टक्के दराच्या कर्जाने फेडून टाकली, सोनं तारण ठेवून किंवा बँकेकडून घेऊन, आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर ‘लहान आधी’ने एकूण व्याज साधारण १४,३७० येतं आणि ‘महाग आधी’ने १२,५९०. फरक अठराशे रुपयांचा. आता मनाला बरं वाटेल ते करा, बिघडत नाही. आणि पाहा, दर उतरवल्याने ‘महाग आधी’चं व्याज २७,१८० वरून १२,५९० वर आलं. क्रम बदलून जेवढे वाचत होते त्यापेक्षा जास्त दर बदलून वाचले. नव्या कर्जाची प्रक्रिया फी यातून वजा करा, तरी बहुतेक वेळा सौदा फायद्याचा ठरतो. अट एकच, आणि ती मोडली जाते म्हणूनच हा उपाय बदनाम आहे: रिकाम्या झालेल्या कार्डावर पुन्हा खर्च करायचा नाही. सहा महिन्यांत सोनंही गहाण आणि कार्डही भरलेलं, अशी घरं कमी नाहीत.

हा सगळा हिशेब व्याजदर खरे असतील तरच खरा. आणि दर सांगण्यात बाजारात बरीच गंमत चालते. बाइकच्या शोरूममध्ये ‘फक्त आठ टक्के’ सांगतात ते अनेकदा फ्लॅट दराने असतं, म्हणजे व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ कर्जावर धरलेलं. ६०,००० चं कर्ज तीन वर्षांसाठी ८ टक्के फ्लॅटने घेतलं, तर व्याज १४,४०० आणि हप्ता २,०६७ बसतो. दर महिन्याला मुद्दल उतरत असतं हे धरून तोच हप्ता मोजला तर खरा दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास निघतो. यादीत ८ लिहिलात तर हे कर्ज पतसंस्थेच्या कितीतरी खाली जाईल, खरं तर ते तिच्या बरोबरीचं आहे. बँका आणि फायनान्स कंपन्यांनी १ ऑक्टोबर २०२४ पासून दिलेल्या किरकोळ कर्जांसोबत मुख्य माहितीचं एक पत्रक देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात फी धरून निघणारा वार्षिक दर टक्क्यांत छापलेला असतो. क्रम लावताना तोच आकडा घ्यायचा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, तिथे हे पत्रक मिळणार नाही. तिथे कर्जमंजुरीचं पत्र आणि खातेउतारा मागायचा.

खातेउतारा दुसऱ्या कारणासाठीही लागतो. जास्तीची रक्कम भरली म्हणजे मुद्दल उतरलंच असं नाही. काही ठिकाणी ती ‘पुढचे हप्ते आगाऊ’ म्हणून धरून ठेवतात. मग हप्त्याचा दिवस येईपर्यंत व्याज जुन्या शिल्लकेवरच चालतं. ओळखायची खूण सोपी आहे. ४३,००० च्या आसपास शिल्लक असताना १०,००० जास्तीचे भरलेत आणि पुढच्या महिन्याचं व्याज ५४० च्या घरातून ४१० च्या घरात आलं नाही, तर पैसे मुद्दलात गेलेले नाहीत. भरणा पावतीवरच ‘जास्तीची रक्कम मुद्दलात जमा करावी’ असं लिहायचं. एकाच संस्थेत दोन वेगळी कर्जं असतील, तर कोणत्या खात्यात पैसे घालायचे हेही लिहायचं. भारतीय करार कायद्याचं ५९ वं कलम कर्जदाराला तो हक्क देतं: अनेक देण्यांपैकी कोणत्या देण्यापोटी रक्कम भरतोय हे त्याने सांगितलं आणि समोरच्याने ती स्वीकारली, तर ती तिथेच लावावी लागते. आपण गप्प राहिलो आणि परिस्थितीवरूनही हेतू दिसत नसला, तर ६० व्या कलमाने ती निवड घेणेकऱ्याच्या मर्जीवर जाते.

बाइकच्या कर्जात निराळी अडचण येते. ठरावीक दराच्या कर्जावर मुदतीआधी रक्कम भरायला फायनान्स कंपन्या शुल्क लावू शकतात आणि काही ठिकाणी थोडी थोडी रक्कम भरूच देत नाहीत, फेडायचं तर एकदम सगळं. करारात हे पाहिल्याशिवाय ‘लहान आधी’च्या यादीत बाइक घालू नका. एकरकमीच घेत असतील तर वरकड रक्कम तोपर्यंत दुसरीकडे, बहुधा कार्डावरच, टाकलेली बरी.

वर्षाचे बारा महिने साडेपाच हजार उरत नाहीत, हेही वेळापत्रकात आधीच लिहून ठेवायचं. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं. विम्याचा वार्षिक हप्ता. गणपती, दिवाळी. अशा महिन्यांपुढे वरकड रकमेच्या जागी आधीच शून्य लिहिलं तर त्या महिन्यात योजना मोडल्यासारखं वाटत नाही. दिवाळीचा बोनस येणार असेल तर त्यातला किती भाग देण्यांना जाणार, तो आकडाही आत्ताच लिहा. बोनस हातात आल्यावर तो ठरवायला गेलात तर नेहमी कमी ठरतो.

तीन महिन्यांनी एकदा मेळ घाला. सुचवलेल्या तिसऱ्या वाटेने तिसऱ्या महिन्याअखेर कार्डाची शिल्लक ७०,३०० च्या आसपास, सहाव्या महिन्याअखेर ४६,५०० च्या आसपास दिसायला हवी. दोन-तीनशेंचा फरक रोजच्या व्याजामुळे येतो, तो सोडून द्या. फरक हजारात असेल तर दोनच कारणं असतात: कार्डावर कुठेतरी नवीन खर्च पडतोय, किंवा एखादी वार्षिक फी किंवा आपोआप जाणारं वर्गणीचं देणं विसरलं आहे. मोबाइलवरच्या मालिकांच्या ॲपची वर्गणी कार्डाला जोडलेली राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

पैसे एखाद्या महिन्यात कमीच पडले तर कोणता हप्ता आधी वाचवायचा याचा क्रम फेडीच्या क्रमापेक्षा वेगळा असतो. तिथे व्याजदर बाजूला ठेवायचा. जिथे वस्तू जप्त होऊ शकते, म्हणजे बाइक किंवा तारण ठेवलेलं सोनं, ते पहिलं. मग जामीनदाराला त्रास होईल अशी पतसंस्था. मग कार्डाचं किमान देय. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डाची रक्कम शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकली तरच बँक उशिराचा दंड लावू शकते किंवा थकबाकीदार म्हणून कळवू शकते. ती सवलत अडचणीच्या दिवसासाठी आहे, सवयीसाठी नाही. मेहुण्याला शेवटी ठेवता येतं, पण आधी सांगून.

खातं मिटलं की कागद हातात येईपर्यंत ते मिटलं असं धरू नका. पतसंस्थेकडून ना-देय दाखला आणि जामीनदारांना मुक्त केल्याचं पत्र घ्या. बाइकसाठी फायनान्स कंपनीचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरची बोज्याची नोंद काढून घ्या, नाहीतर बाइक विकताना अडेल. आपोआप हप्ता कापण्याची परवानगी बँकेत जाऊन रद्द करा, कारण कर्ज संपल्यावरही एखादा हप्ता कापला जातो आणि तो परत मिळवायला महिना जातो. महिन्या-दीड महिन्याने पतअहवाल काढून खातं ‘बंद’ दिसतंय का ते पाहा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो.